अज्ञान, सगीर, तरुण (वयवाचक संज्ञा)

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस मराठी कायदेभाषेत ‘अज्ञान’ म्हणतात. वडोदऱ्याच्या दस्तांत व अर्जांत त्याच व्यक्तीपुढे गुजरातीत ‘सगीर’ आणि तिच्या पालकापुढे ‘वाली’ असे लिहिलेले असते. सगीर हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘लहान’ एवढाच आहे. मराठी संज्ञा मात्र व्यवहाराची जाण नसण्यावर बेतलेली आहे. तिचा विरुद्धार्थी शब्द ‘सज्ञान’. बोलण्यात अज्ञान म्हणजे अडाणीपणा, त्यामुळे दस्तात स्वतःच्या नावापुढे हा शब्द पाहून दहावीत पहिला आलेला मुलगा रागावतो, ते साहजिक आहे.

वयाची मर्यादा नेमकी कोठे धरावी, हा वाद जुना आहे. नारदस्मृतीत ‘आ षोडशात्’ म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत बाल, असे म्हटले आहे. यातील ‘आ’ या उपसर्गाला पाणिनीने दोन अर्थ दिले आहेत. मर्यादा मानल्यास सोळावे वर्ष वगळले जाते आणि पंधरा पुरी होताच बालपण संपते. अभिविधी मानल्यास सोळावेही धरले जाते व ते सरावे लागते. बंगालच्या परंपरेत पंधरा वर्षे पूर्ण, तर मिताक्षरा हा धर्मशास्त्रावरील टीकाग्रंथ मानणाऱ्या प्रदेशात बहुधा सोळा वर्षे पूर्ण, असे मानले गेले. व्याकरणात दोन्ही अर्थ बसतात. मिताक्षरेकडचा अर्थ व्यवहारास अधिक सावध म्हणावा लागेल.

हाच घोटाळा घरोघरच्या बोलण्यात आजही आहे. ‘मुलीला अठरावं लागलं’ म्हणजे तिची सतरा वर्षे पुरी झाली. कायद्याने ती अजून वर्षभर अज्ञानच. 1875 च्या सज्ञानताविषयक कायद्याने हा संदेह मिटवला. जन्मदिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभीच व्यक्ती सज्ञान मानायची, असा त्याचा नियम आहे. न्यायालयाने पालक नेमलेल्यांसाठी असलेली एकवीस वर्षांची मर्यादा 1999 च्या दुरुस्तीने गेली. त्याच 1875 साली तिसरे सयाजीराव बारा वर्षे पुरी झाल्यावर दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसले. अज्ञानकाळात कारभार दिवाण टी. माधवराव यांनी पाहिला. पूर्ण अधिकार 28 डिसेंबर 1881 रोजी, म्हणजे महाराजांची अठरा पुरी झाल्यावर मिळाले.

फरक सर्वाधिक जाणवतो तो स्थावर मालमत्तेत. समजा, आजोबांनी मांडवीजवळची खोली नातवाच्या एकट्याच्या नावे बक्षीसपत्राने दिली आणि नातवाचा जन्म 5 जुलै 2008 चा आहे. वडिलांनी 2024 मध्ये ती विकली. वडील नैसर्गिक पालक असले तरी 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 नुसार विक्रीस न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर खरेदीखत आपोआप रद्द ठरत नाही, पण नातवाला ते रद्द करवून घेता येते. 5 जुलै 2026 ला तो सज्ञान झाला की तेथून तीन वर्षे दाव्याची मुदत चालते. म्हणून घेणाऱ्याने विक्रेत्याच्या सहीपेक्षा आधी परवानगीचा हुकूम पाहावा. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याला मात्र हे कलम लागू नाही. तेथे कर्त्याचे अधिकार पाहावे लागतात. अज्ञानाने स्वतः केलेला करार तर 1903 च्या मोहोरीबीबी खटल्यापासून मुळातच निरर्थक मानला जातो.

गुन्ह्याच्या संदर्भात शब्द बदलतो: ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. येथे वय गुन्हा घडला त्या दिवशीचे मोजतात, अटकेच्या वा निकालाच्या दिवसाचे नव्हे. 2015 च्या बालन्याय कायद्यात वयाच्या पुराव्याचा क्रमही ठरलेला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र आधी, ते नसल्यास महानगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून शाळेत सोयीची जून महिन्यातली तारीख सांगितलेली असेल, तर ती येथे उलटू शकते.

विवाहासाठी ‘बालक’ पुन्हा निराळा. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात एकवीस पूर्ण न झालेला पुरुष बालकच आहे. वीस वर्षांचा तरुण घर विकू शकतो, मत देऊ शकतो, पण त्याचा विवाह बालविवाह ठरतो.

उरलेले शब्द कायद्यापेक्षा बोलीचे आहेत. ‘पौगंड’ हा संस्कृतात, एका प्रचलित गणनेनुसार, पाच ते दहा वर्षांचा. मराठीत तो मिसरूड फुटण्याच्या वयावर सरकला. ‘तरुण’ वडोदऱ्यात विशेष फसवा आहे. गुजराती पाठ्यपुस्तकातली ‘तरुणावस्था’ म्हणजे मराठी किशोरावस्था, तर मराठी तरुणाला गुजरातीत ‘युवान’ म्हणतात. राष्ट्रीय युवा धोरणाने 2003 मध्ये युवा 13 ते 35 वयाचा ठरवला होता, 2014 मध्ये 15 ते 29.