घातश्रेढीचे पदशः अवकलन व समाकलन

एखाद्या घातश्रेढीची बेरीज ठाऊक असेल, तर तिच्या प्रत्येक पदाचे अवकलन किंवा समाकलन करून मिळणाऱ्या श्रेढीची बेरीज मूळ बेरजेवर तीच क्रिया करून काढता येते. सान्त बेरजेत हे उघड आहे. अनंत श्रेढीत मात्र ते x हा अभिसरण त्रिज्येच्या आत असेपर्यंतच खात्रीने चालते. अवकलनाने सहगुणकांना n ने गुणले जाते, पण n चे n-वे मूळ 1 कडे जात असल्यामुळे त्रिज्या बदलत नाही.

Σ n xⁿ ची बेरीज काढण्यासाठी सुरुवात भूमितीय श्रेढीपासून होते. |x| < 1 असताना

1 + x + x² + x³ + … = 1/(1 − x)

दोन्ही बाजूंचे अवकलन केल्यास

1 + 2x + 3x² + … = 1/(1 − x)²

येथे घातांक सहगुणकापेक्षा एकाने कमी आहे, म्हणून x ने गुणावे लागते:

x + 2x² + 3x³ + … = x/(1 − x)²

हा गुणाकार विसरणे ही नेहमीची चूक आहे. x = 1/2 घेतल्यास बरोबर उत्तर 2 येते, तर गुणाकार राहिल्यास 4. पहिल्या दहा पदांची बेरीज सुमारे 1.988 भरते, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. नाणे छाप पडेपर्यंत सरासरी किती वेळा उडवावे लागेल, याचे उत्तर हीच बेरीज, म्हणजे 2 होय. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्वाइन्सहेड याने ती कलनशास्त्राशिवाय, लांबलचक शाब्दिक युक्तिवादाने काढली होती. Σ n²xⁿ हवी असल्यास वरील निष्कर्षाचे पुन्हा अवकलन करून x ने गुणावे. x(1 + x)/(1 − x)³ मिळते.

सहगुणकात n छेदस्थानी असेल तेव्हा समाकलन करावे. भूमितीय श्रेढीचे 0 पासून x पर्यंत समाकलन केल्यास

x + x²/2 + x³/3 + … = −ln(1 − x)

खालची सीमा 0 घेतल्यामुळे समाकलनाच्या स्थिरांकाचा प्रश्न उरत नाही.

खरी सावधगिरी x = ±1 या टोकांपाशी लागते, कारण त्रिज्या तीच राहिली तरी टोकांवरील वर्तन बदलू शकते. भूमितीय श्रेढी x = −1 येथे अभिसारी नाही, पण समाकलित श्रेढी तेथे अभिसारी होते आणि आबेलच्या प्रमेयानुसार 1 − 1/2 + 1/3 − … = ln 2 हे सिद्ध होते. अवकलनाने उलट घडते: 1/(1 − x)² या सूत्रात x = −1 घातल्यास 1/4 मिळतात, पण 1 − 2 + 3 − 4 + … या श्रेढीच्या आंशिक बेरजा 1, −1, 2, −2 अशा वाढत्या अंतराने हेलकावत राहतात. तेथे सूत्राला किंमत आहे, श्रेढीला नेहमीच्या अर्थाने बेरीज नाही.