केस गळणं, केस तुटणं आणि तेलाची बाटली : एक पार्श्वभूमी

मराठीत केस गळतात आणि केस तुटतातही. घरात बोलताना या दोन्हींची सरमिसळ होतेच, त्यात गैर काही नाही. पण तेलाच्या बाटल्यांवर गेली वीस-पंचवीस वर्षं जे छापलं जातंय, ते बरंचसं याच सरमिसळीवर उभं आहे. गळलेला केस मुळातून सुटलेला असतो. त्याच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक असा पांढरा ठिपका दिसतो. तुटलेल्या केसाला तो ठिपका नसतो, आणि केस बहुधा आखूड असतो. कंगव्यात दोन्ही एकत्र येतात, मोरीच्या जाळीवरही एकत्रच अडकतात. तेलांचा पुरावा मात्र यातल्या एकाच प्रकारासाठी आहे.

डोक्याला कोणतं तेल लावायचं, हे फार पूर्वीपासून आसपास काय पिकतं यावरून ठरत आलं. किनाऱ्यावर नारळ म्हणून खोबरेल, उत्तरेत आणि बंगालात मोहरी म्हणून मोहरीचं तेल, कोरडवाहू भागात तीळ. त्यात माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंद उकळायची रीतही जुनी. या सगळ्याला पिढ्यांचा अनुभव होता, पण तेल लावलेले आणि न लावलेले केस शेजारी ठेवून कुणी मोजमाप केलेलं नव्हतं. ते व्हायला विसावं शतक संपायला आलं.

1999 मध्ये आणि नंतर 2003 मध्ये मुंबईतल्या दोन संशोधकांचे निबंध सौंदर्यप्रसाधनांच्या शास्त्रीय नियतकालिकात आले. आज खोबरेलाबद्दल जे काही ‘सिद्ध झालंय’ म्हणून सांगितलं जातं, ते जवळजवळ सगळं या दोन निबंधांपर्यंत जाऊन पोचतं. प्रयोग साधा होता. कापलेल्या केसांचे झुपके घेतले. काही निरोगी होते, काही ब्लीच केलेले, काहींवर रसायनांची किंवा अतिनील किरणांची प्रक्रिया केलेली. काहींना धुण्याआधी तेल लावलं, काहींना धुतल्यानंतर. मग विंचरताना केसांतून किती प्रथिन निघून येतं, ते मोजलं. केस मुख्यतः प्रथिनाचाच बनलेला असतो, त्यामुळे प्रथिन जितकं जास्त जाईल तितकी झीज जास्त. 2003 च्या निबंधात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तिघांची तुलना होती. धुण्याआधी लावा की नंतर, झीज ठळकपणे कमी झाली ती फक्त खोबरेलाने.

कारण तेलाच्या रेणूत आहे. खोबरेलाचा जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. बारा कार्बनची ही साखळी आखूड आणि सरळ असते आणि केसातल्या प्रथिनाला धरून राहते, म्हणून ती केसाच्या आत शिरू शकते. सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्या लांब आणि मध्येच वाकलेल्या असतात. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही, ते वरच्यावर राहतं. खोबरेल खरंच आत जातं हे 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत उपकरणांनी दाखवलं गेलं. आत तेल असलं की केस धुताना पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. केस फुगला की त्याच्यावरचे खवले उभे राहतात आणि ओला केस विंचरताना ते कंगव्याला अडकून निघतात. हे टाळायचं असेल तर केस धुण्याआधी तेल लावणं उपयोगी. म्हणजे ‘न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल’ या आज्यांच्या शिस्तीला प्रयोगशाळेत आधार मिळाला. मला हा निष्कर्ष मनापासून पटतो. यात मांडणी स्वच्छ आहे आणि कारण समजतं.

दोन गोष्टी मात्र सोबत सांगायलाच हव्यात. एक म्हणजे हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, आणि अमेरिकेतल्या त्या कामातही त्यांचा वाटा होता. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण ग्राहकाला हे माहीत असावं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झुपके कापलेल्या केसांचे होते. त्यांना मूळच नव्हतं. त्यामुळे मुळापासून केस गळणं या प्रयोगात मोजलं गेलं नाही, आणि मोजता येणारही नव्हतं. 2022 मध्ये खोबरेल, एरंडेल आणि आर्गन तेलावरच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही खोबरेलाच्या बाजूने पुरावा निघाला तो केसांच्या ठिसूळपणापुरता. केस वाढण्याबाबत पुरावा तोकडाच होता.

गोंधळ सुरू होतो तो इथून पुढे. जाहिरातीत ‘हेअर फॉल’ हा शब्द रुळला आणि मराठीत त्याची ‘केसगळती’ झाली. मोठ्या अक्षरांत ‘केसगळती कमी’, शेजारी बारीक चांदणी, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘केस तुटण्यामुळे होणारी’. तेलांच्या आणि शाम्पूंच्या जाहिरातींत ही चांदणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तिचा तळ मात्र क्वचितच वाचला आहे. कायद्याच्या दृष्टीने वाक्य बरोबर असतं, कारण तुटणं खरोखर कमी होऊ शकतं. पण ज्या बाईची भांगाची रेष रुंदावत चालली आहे, ती वरचे दोनच शब्द वाचते आणि बाटली उचलते. या शब्दाची सोय आणखी एका बाजूने आहे. आपल्या औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्हींचा समावेश आहे. म्हणजे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला हे बरं करण्याचा दावा करता येत नाही. ‘टक्कल जाईल’ म्हणणं अवघड, ‘केसगळती कमी होईल’ म्हणणं सोपं. ‘केसगळती’ या शब्दात दोन्ही अर्थ मावतात, आणि कोणता घ्यायचा ते गिऱ्हाइकाच्या काळजीवर सोडलेलं असतं. माझ्या मते ही फसगत आहे, चांदणी कितीही नियमात बसत असली तरी.

‘हेअर ऑइल’ हा शब्दही असाच वादात सापडला, पण करामुळे. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल? 2009 मध्ये एका सरकारी परिपत्रकाने 200 मिलिलिटरपर्यंतची बाटली म्हणजे केसांचं तेल असं धरलं, 2015 मध्ये ते मागे घेतलं गेलं. वस्तू व सेवा करात तेव्हा खाद्यतेलावर 5 टक्के आणि केसांच्या तेलावर 18 टक्के, त्यामुळे भांडण मोठं होतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. 18 डिसेंबर 2024 रोजी तिघांच्या पीठाने निकाल दिला की बाटली लहान आहे एवढ्याने ते केसांचं तेल ठरत नाही. केसांसाठी म्हणून विकलं जातंय हे वेष्टनावरून दिसायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा करही 5 टक्क्यांवर आला. या सगळ्या वर्षांत वाद चालला तो वर्गवारीचा, लेबलाचा आणि वेष्टनाचा. तेल केसांना काय करतं, हा त्या वादाचा विषय नव्हता.

मोहरीच्या तेलाचं लेबल तर आणखी चकवतं. अमेरिकेत राहणारे आपले लोक सांगतात, तिथल्या भारतीय दुकानात मोहरीच्या तेलावर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते केसांसाठीच असणार. तसं नाही. या तेलात एरुसिक आम्ल भरपूर असतं. उंदरांना ते खाऊ घातल्यावर हृदयाच्या स्नायूत दोष दिसले, म्हणून तिथे ते खाद्यतेल म्हणून विकू देत नाहीत. त्या शिक्क्याचा केसांशी संबंध नाही. केसगळतीवर मोहरीच्या तेलाचा माणसांवर नीट केलेला, भरवशाचा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही. एरुसिक आम्लाची साखळी बावीस कार्बनची, म्हणजे खोबरेलासारखं आत शिरण्याची अपेक्षाही धरता येत नाही. वरून गुळगुळीतपणा येतो आणि गुंता सुटायला मदत होते, एवढं मान्य. लावल्यावर जी चुणचुण होते तिला लोक ‘रक्ताभिसरण वाढतंय’ म्हणतात. ती मोहरीच्या झणझणीत द्रव्याची जळजळ असते, आणि काहींच्या टाळूवर त्याने लाली आणि खाज येते. तसं झालं तर तेल धुऊन टाकावं, सवय होण्याची वाट पाहू नये.

बाजारातल्या तयार तेलांची मागची बाजू वाचली तर बऱ्याचदा पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिनचं असतं, म्हणजे 2003 च्या प्रयोगातलं तेच खनिज तेल. ते वाईट नाही. घर्षण कमी करतं, चिकट होत नाही. पण पुढच्या बाजूला चित्र बदामाचं किंवा आवळ्याचं असतं. कांद्याच्या तेलाची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. 2002 मध्ये इराकमधला एक छोटा अभ्यास आला. 23 जणांना कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावला, 15 जणांना साधं पाणी. सहा आठवड्यांनी पहिल्या गटात 20 जणांना केस आले, दुसऱ्यात आठ आठवड्यांनीही दोघांनाच. आकडे जोरदार आहेत, पण ते सगळे चाई पडलेले रुग्ण होते. चाईत गोल चकत्या पडतात, आणि त्या पुष्कळदा आपोआप भरूनही येतात. शिवाय तो ताजा रस होता, तेलात मिसळलेला अर्क नव्हे, आणि कांद्याचा वास लपत नसल्याने कोण काय लावतंय हे सगळ्यांना कळत होतं. रोजमेरीचंही तसंच. 2015 मधला इराणी अभ्यास पुरुषी टकलावर होता. सहा महिन्यांनी रोजमेरी आणि 2 टक्के मिनॉक्सिडिल हे टकलावर लावायचं औषध यांच्यात फरक दिसला नाही, पण काहीच औषध नसलेला तिसरा गट त्यात नव्हता. मिनॉक्सिडिलला मात्र 1988 मध्येच अमेरिकेत परवानगी मिळाली होती, आणि तीही अशा तिसऱ्या गटाशी तुलना करून.

मग ‘तेलाने माझी गळती थांबली’ असं सांगणारे इतके लोक खोटं बोलतात का? नाही. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सप्टेंबरात डेंगू झाला. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, पण गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. डिसेंबरात उशीवर, जेवणाच्या ताटात, सगळीकडे केस. रोज शंभरापर्यंत केस जाणं नेहमीचंच, पण हे त्याहून फार जास्त. ताप विसरलेला असतो. जानेवारीत कुणीतरी तेल सुचवतं. मार्च-एप्रिलपर्यंत गळती थांबते, कारण ती तशीही तेव्हाच थांबणार होती. बाळंतपणानंतरही हेच होतं. श्रेय बाटलीला जातं, आणि पुढच्या मैत्रिणीला तीच बाटली सांगितली जाते.

आपलं काय चाललंय हे घरी बऱ्यापैकी कळू शकतं. न्हाण्याच्या दिवशी विंचरताना खांद्यावर पांढरा पंचा घ्या आणि पडलेले केस उजेडात एकेक करून बघा. तेल लावलेल्या दिवशीची मोजणी धरू नका, कारण चोळण्याने आधीच सुटलेले केस एकदम निघतात आणि माणूस घाबरतो. आखूड, ठिपका नसलेले केस जास्त निघाले तर खोबरेल लांबीला, टोकापर्यंत, न्हाण्याआधी लावून बघण्यात अर्थ आहे. टाळूवर कोंडा आणि खाज असेल तर टाळूला तेल नको. कोंड्यातली बुरशी तेलावरच जगते. ठिपकेवाले लांब केस जास्त असतील तर दोन-तीन महिन्यांमागे ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा कडक डाएट झालं होतं का ते आठवा. तसं काही नसेल, किंवा गळती सहा महिन्यांपुढे चालूच राहिली, तर हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. भांग रुंदावत असेल किंवा चाई पडली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा. मूळ बारीक होत गेलं की नंतर औषधालाही मर्यादा येतात.