क्रिएटिन घेणाऱ्याचा मूत्रपिंडाचा अहवाल: रक्तात चढलेला आकडा, लघवीत उतरलेले गुणोत्तर

व्यायामासोबत क्रिएटिनची भुकटी घेणाऱ्या व्यक्तीच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत हा एकच पदार्थ दोन ठिकाणी, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांना, हस्तक्षेप करतो. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा त्यामुळे वाढतो आणि मूत्रपिंडे प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा कमजोर भासतात. लघवीतील प्रथिनांचे गुणोत्तर मात्र त्यामुळेच खाली येते आणि लघवी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा निर्दोष दिसते. पहिल्या परिणामाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची क्वचितच होते, आणि मला तोच अधिक काळजीचा वाटतो, कारण विनाकारण वाटलेली भीती पुढच्या तपासणीत दूर होते, पण खोटा दिलासा मिळालेला माणूस पुढची तपासणी करतच नाही.

मुळात घडते ते असे. क्रिएटिन हा पदार्थ आपले शरीर स्वतः तयार करते आणि त्याचा जवळजवळ सगळा साठा, सुमारे ९५ टक्के, स्नायूंमध्ये असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात हा साठा साधारण १२० ग्रॅम धरला जातो. त्यातला दररोज सुमारे १.७ टक्के भाग कोणत्याही विकराच्या मदतीविना, आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो. म्हणजे दिवसाला सुमारे २ ग्रॅम क्रिएटिनिन रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन काही आठवडे घेतले की स्नायूंतील साठा बहुतेकांमध्ये २० ते ४० टक्क्यांनी वाढतो. साठा वाढला की त्यातून रोज तयार होणारे क्रिएटिनिनही वाढते, आणि मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता तीच राहिली तरी रक्तातील पातळी थोडी वरच्या ठिकाणी स्थिरावते.

अहवालात ‘ईजीएफआर’ म्हणून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा जो आकडा असतो, तो कोणी प्रत्यक्ष मोजलेला नसतो. रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग एका सूत्रात घालून तो काढलेला असतो, आणि त्या वयाच्या व लिंगाच्या सर्वसाधारण माणसाच्या शरीरात जेवढे क्रिएटिनिन तयार होते तेवढेच तुमच्याही शरीरात होत असावे, असे ते सूत्र गृहीत धरते. तुमचे स्नायू भरदार असतील, किंवा तुम्ही क्रिएटिन घेत असाल, तर हे गृहीतकच चुकते. सूत्राला त्याची कल्पना नसते, म्हणून ते वाढलेल्या क्रिएटिनिनचा सगळा दोष मूत्रपिंडांवर टाकते.

आता उदाहरणादाखल एक अहवाल घेऊ. बत्तीस वर्षांचा, ८० किलो वजनाचा पुरुष तीन महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतो आणि नियमित वजने उचलतो. त्याने संध्याकाळी व्यायाम उरकून थेट प्रयोगशाळेत नमुने दिले. क्रिएटिनिन १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले, त्यावरून ईजीएफआर ६८ निघाला. युरिया आणि पोटॅशियम मर्यादेत होते. लघवीत पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीत प्रथिनांसमोर ‘नाही’ असे लिहिले होते आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे ‘एसीआर’, २७ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम होते. एसीआर ३० च्या आत असले की ते सामान्य मानतात. त्यामुळे असा अहवाल वाचणाऱ्याला स्वाभाविकपणे वाटते की रक्ताचे काहीतरी बिघडले आहे, लघवी मात्र ठीक आहे.

लघवीची पट्टी प्रथिने कशी ओळखते हे येथे पाहिले पाहिजे, कारण भुकटी घेतल्यामुळे लघवीत प्रथिने दिसतील अशी भीती अनेकांना असते. पट्टीवरचा रंगद्रव्याचा चौकोन मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाशी संयोग होऊन रंग बदलतो. क्रिएटिन हे प्रथिन नाही, तो एक लहान नत्रयुक्त रेणू आहे, आणि जास्तीचे क्रिएटिन लघवीत जसेच्या तसे उतरले तरी त्या चौकोनाचा रंग त्यामुळे बदलत नाही. तेव्हा पट्टीवर प्रथिने आली, तर ‘मी क्रिएटिन घेतो ना, म्हणून असेल’ हे स्पष्टीकरण चालणार नाही. त्याचे कारण वेगळे शोधावे लागते: नुकताच झालेला जोरदार व्यायाम, ताप, फार घट्ट लघवी, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खरोखरीचा मूत्रपिंडाचा आजार.

एसीआरची गोष्ट वेगळी आहे, कारण तो अपूर्णांक आहे. अंशस्थानी लघवीतील अल्ब्युमिन असते आणि छेदस्थानी लघवीतील क्रिएटिनिन. छेदाची गरज अशासाठी पडते की पाणी भरपूर प्यायल्यावर लघवी पातळ होते, कमी प्यायल्यावर घट्ट होते, आणि नुसते अल्ब्युमिन मोजले तर तो आकडा पाण्याबरोबर वरखाली होत राहील. क्रिएटिनिनही त्याच प्रमाणात पातळ किंवा घट्ट होत असल्याने भागाकार केल्यावर पाण्याचा परिणाम निघून जातो. युक्ती चांगली आहे, परंतु दिवसभरात बाहेर पडणारे क्रिएटिनिन साधारण १ ग्रॅम असते, या अंदाजावर ती उभी आहे.

आपल्या उदाहरणातल्या लघवीत लिटरमागे ५४ मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि २ ग्रॅम क्रिएटिनिन होते, म्हणून गुणोत्तर २७ आले. पट्टीला हे अल्ब्युमिन दिसले नाही, कारण एवढे कमी प्रमाण तिच्या टप्प्यात येत नाही. आता क्रिएटिनमुळे छेद सुमारे एक-पंचमांशाने फुगला होता असे धरा. भुकटी नसती तर त्याच लघवीत क्रिएटिनिन लिटरमागे १.६५ ग्रॅमच्या आसपास असते, आणि ५४ भागिले १.६५ म्हणजे जवळपास ३३. अल्ब्युमिन एका कणानेही बदलले नाही, तरी एक उत्तर मर्यादेच्या आत पडते आणि दुसरे बाहेर. शिवाय या माणसाच्या भरदार शरीरातून दिवसाला १ नव्हे तर २ ग्रॅम क्रिएटिनिन जात असेल आणि गुणोत्तर दिवसभर २७ च राहिले, तर प्रत्यक्षात रोज ५४ मिलिग्रॅम अल्ब्युमिन बाहेर पडते आहे. चोवीस तासांच्या मोजणीत ३० मिलिग्रॅमच्या वरचे प्रमाण वाढलेले समजतात. एकूण प्रथिनांचे आणि क्रिएटिनिनचे जे गुणोत्तर काही अहवालांत असते, त्यालाही हेच लागू पडते. ज्याचा एसीआर ५ किंवा ८ आहे त्याला या फरकाने काही होत नाही, पण ३० च्या उंबरठ्याशी आलेला आकडा क्रिएटिन घेणाऱ्या धिप्पाड माणसाच्या अहवालात असेल, तर तो सामान्य म्हणून बाजूला ठेवू नये.

मात्र या नमुन्यात आणखी एक गुंता होता. जोरदार व्यायामानंतर निरोगी माणसाच्या लघवीतही काही काळ अल्ब्युमिन वाढते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ते पूर्ववत होते. म्हणजे व्यायामाने अंश फुगवला होता आणि क्रिएटिनने छेद. अशा नमुन्यावरून होकार किंवा नकार यांपैकी काहीच ठामपणे म्हणता येत नाही. तो नमुना पुन्हाच द्यावा लागतो.

डॉक्टरांनी या माणसाला क्रिएटिन सहा आठवडे बंद ठेवायला सांगितले, कारण स्नायूंतील वाढलेला साठा हळूहळू उतरतो आणि पूर्वस्थितीला यायला त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त एक डोस चुकवून काही साधत नाही. दुसऱ्या वेळी नमुना देण्यापूर्वी दोन दिवस व्यायाम नव्हता, आदल्या रात्री मांसाहार नव्हता (शिजवलेल्या मांसात तयार क्रिएटिनिन असते आणि ते काही तास रक्तातला आकडा वाढवते), आणि लघवी सकाळची पहिली घेतली होती. क्रिएटिनिन १.१५ आले, ईजीएफआर ८७. एसीआर १२. सोबत सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी केली होती, ती ०.८५ मिलिग्रॅम प्रति लिटर आली आणि तिच्यावरून काढलेला ईजीएफआर १०८ निघाला.

सिस्टॅटिन सी हे शरीरातील जवळजवळ सर्वच पेशी तयार करतात असे एक छोटे प्रथिन आहे आणि त्याचेही गाळण मूत्रपिंडांतच होते. स्नायूंच्या आकाराशी त्याचा संबंध फारच थोडा आणि क्रिएटिनच्या साठ्याशी काहीच नाही, म्हणून क्रिएटिन बंद न करताही हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवायचा असेल तर ही तपासणी सर्वांत सोयीची. तिच्याही मर्यादा आहेत: थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड औषधे, स्थूलपणा, धूम्रपान आणि शरीरातील दाह यांनी तिचा आकडा बदलतो. ती उपलब्ध नसेल तर चोवीस तासांची लघवी जमवून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढता येतो. त्यात लघवीतून गेलेल्या क्रिएटिनिनला रक्तातील क्रिएटिनिनने भागतात. क्रिएटिनने दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात वाढवलेले असल्याने भागाकारात तो परिणाम निघून जातो. त्याच लघवीतून दिवसाचे अल्ब्युमिनही छेदाची मदत न घेता थेट कळते. कटकट एवढीच की एकही वेळची लघवी सुटता कामा नये.

नेहमीच्या मात्रेत क्रिएटिन घेणाऱ्या निरोगी व्यक्तींमध्ये गाळण्याचा वेग क्रिएटिनिनवर अवलंबून नसलेल्या पद्धतींनी मोजून पाहिला, तेव्हा तो घटल्याचे आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीच असलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांनी भुकटी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आणि नमुना देताना, कोणी विचारले नाही तरी, किती क्रिएटिन किती दिवसांपासून घेतो आणि शेवटचा व्यायाम केव्हा केला हे तपासणीच्या अर्जावर लिहून घ्यायला सांगावे, कारण अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना ते आकड्यांवरून ओळखता येत नाही.

क्रिएटिनमुळे होणारी वाढ सहसा लहान असते, डेसिलिटरमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅमच्या घरातली, आणि ती एका जागी थांबते. क्रिएटिनिन २ च्या पुढे गेले असेल, प्रत्येक तपासणीत चढतच असेल, सोबत युरिया किंवा पोटॅशियम वाढले असेल, लघवीत रक्त किंवा प्रथिने असतील, पाय सुजत असतील किंवा रक्तदाब वाढला असेल, तर भुकटीकडे बोट दाखवून सहा आठवडे वाट पाहू नये. डॉक्टरांना त्याच आठवड्यात भेटावे. जबरदस्त व्यायामानंतर स्नायू असह्य दुखू लागले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत उतरत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन क्रिएटिनिनसोबत सीपीके हे स्नायूंतील विकर आणि पोटॅशियम तपासून घ्यावे लागते.