मेसच्या स्वयंपाकिणीची प्रात्यक्षिक परीक्षा: कागद कुठे अडतात आणि हात कुठे चुकतात

आमच्या सिंधुदुर्गातल्या कॉलेजच्या वसतिगृहाने मेसचा करार नव्याने करताना एक अट घातली: मुख्य स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडे अन्नस्वच्छतेचं प्रमाणपत्र हवं. मी तिथली रेक्टर, त्यामुळे अर्ज भरून देण्याचं काम माझ्याकडे आलं. आजूबाजूच्या वसतिगृहांतल्या बायकाही मग कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. बहुतेक जणी परीक्षेला बसण्याआधीच परत पाठवल्या जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही निवडलेला मार्ग पूर्वानुभवाच्या मान्यतेचा, म्हणजे आरपीएलचा. ज्यांना काम येतं पण हातात कागद नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. वय अठरा पूर्ण हवं आणि त्या कामाचा अनुभव हवा. शिक्षणाची अट पदानुसार बदलते, तेव्हा अर्जाआधी परीक्षा केंद्रावर पदाचं नाव सांगून विचारून घ्या. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते, थोडी उजळणी होते, आणि मग बाहेरून आलेला मूल्यांकनकर्ता लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा घेतो. मराठीतून द्यायची आहे हे नोंदणीच्या वेळीच सांगा.

आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो. आमच्या मेसचा मुख्य स्वयंपाक करणाऱ्या काकींचा जोडलेला नंबर त्यांच्या मुलाचा होता, आणि मुलगा गोव्यात कामाला. नावाचंही तसंच. आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं असेल तर आधी ते एक करा. नंतर प्रमाणपत्रावर दुरुस्ती करून घ्यायला कितीतरी फेऱ्या पडतात.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: अनुभवाचं पत्र. काकी अकरा वर्षं मेसमध्ये आहेत, पण या काळात तीन ठेकेदार बदलले आणि पगार कायम हातात रोख. कोण लिहून देणार? केंद्रावरचे लोक हा कागद मागतात आणि तो कसा मिळवायचा ते सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. आम्ही वसतिगृहाच्या लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात पूर्ण नाव आधारप्रमाणे, कामाला लागल्याचं वर्ष, रोज साधारण किती जणांचा स्वयंपाक आणि त्यातलं नेमकं काम काय, एवढं लिहून सही-शिक्का मारला. सोबत मुलांच्या मेस समितीच्या जुन्या वहीतली पानं जोडली, ज्यांत काकींचं नाव होतं. ते चाललं. ‘सदर महिला प्रामाणिक व मेहनती आहे’ असं पत्र आणू नका. त्यात अनुभव कुठेच नसतो.

दुसरा अडकणारा कागद वैद्यकीय तपासणीचा. अन्न हाताळणाऱ्यांसाठी ठरलेला नमुना आहे. त्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा आणि विषमज्वर गटाच्या रोगांवरची लस यांच्या नोंदी असतात. खाली नोंदणीकृत डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक लागतो. साध्या चिठ्ठीवर ‘तब्येत ठीक आहे’ लिहून आणलं की ते परत येतं. ही तपासणी दर वर्षी करायची असते, आणि ते वर्ष तपासणीच्या तारखेपासून मोजायचं. ठेकेदार ते कराराच्या तारखेपासून मोजतात. आमच्याकडे असंच झालं. काकींची तपासणी आदल्या वर्षी १२ ऑक्टोबरची, परीक्षा १६ ऑक्टोबरला. ठेकेदार म्हणाला, ‘करार जूनमधला, जूनपर्यंत चालतं.’ चार दिवसांसाठी त्यांना दारातूनच परत पाठवलं. सकाळची एसटी पकडून, नवी साडी नेसून गेल्या होत्या. पुढची तुकडी डिसेंबरात.

मधले दोन महिने मात्र उपयोगी पडले, कारण सराव सुरू झाल्यावर कळलं की ऑक्टोबरात त्या प्रात्यक्षिकात अडकल्याच असत्या.

सराव घ्यायला रसायनशास्त्राच्या दोन मुली आणि मेस समितीचा एक मुलगा तयार झाला. रात्रीची जेवणं आटपली की ओट्यापाशी जमायचे. पहिल्या दिवशी एका मुलीने चमचाभर हळद खोबरेलात कालवून काकींच्या दोन्ही हातांना चोळली आणि म्हणाली, ‘आता डोळे मिटून रोजच्यासारखे हात धुवा.’

काकी हसल्या. ‘बाय माझ्या, मी काय आज पयल्यांदाच हात धुतंय?’

धुऊन झाल्यावर दिवा बंद करून मुलीने नोटा तपासायचा निळा टॉर्च लावला. हळद त्या उजेडात हिरवट पिवळी चमकते. तळवे स्वच्छ होते. पण अंगठ्याची मागची बाजू, नखांच्या कडा आणि मनगटावर बांगड्यांच्या खालचा पट्टा लख्ख उजळला. काकी बराच वेळ हात उलटेपालटे करून बघत राहिल्या. कुणीही घरी करून पाहावा असा हा प्रयोग आहे, फक्त हळदीचा डाग कातडीवर थोडा राहतोच, तेव्हा फिकट छटेकडे लक्ष देऊ नका. जिथे तेलकट थर जाड राहिला ती जागा बघा. पुढचे आठ दिवस त्यांनी क्रम पाठ केला: तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या मधे, अंगठे मुठीत धरून, नखं तळव्यावर घासून, शेवटी मनगट. साबण लावून किमान वीस सेकंद चोळायचं.

आणि मग पदर. हात धुतले की काकी ते पदराला पुसायच्या. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप तिकडे जायचा. त्याच पदराने कपाळ पुसलेलं, गरम टोप धरलेला. मूल्यांकनकर्ता नेमकं हेच टिपतो, कारण धुतलेले हात तिथल्या तिथे पुन्हा मळतात. मुलांनी उपाय केला तो साधा: अॅप्रन पदरावरून घट्ट बांधायचा आणि पुसायला कागदी रुमाल डाव्या हाताला ठेवायचे. तरी पहिले पंधरा दिवस हात पदर शोधत राहिला.

बांगड्यांचा विषय नाजूक होता. कामाच्या जागी दागिने, बांगड्या, घड्याळ नको, नखांना रंग नको, असा नियम आहे. काकी म्हणाल्या, ‘सवाशिणीक चुडो काढूक सांगतत, ह्यां काय बरां?’ मी जबरदस्ती केली नाही, आणि तुम्हीही करू नका. पण मेस समितीच्या मुलाला आठवलं की मागच्या वर्षी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात एकाच्या ताटात हिरव्या काचेचा तुकडा आला होता. त्याने ते हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बांगड्या कामाच्या वेळेपुरत्या काढून स्टीलच्या डबीत, देवाच्या फळीवर. काम झालं की परत हातात.

प्रात्यक्षिकाचा गाभा पदार्थाच्या चवीत नसतो. कच्च्याकडून शिजवलेल्याकडे जाताना हात कुठे कुठे लागतात, हे बघितलं जातं. सरावात काकींना बांगड्याची आमटी, भात आणि सोलकढी करायला दिली. त्यांनी बांगडे साफ केले, हात नुसते पाण्याखाली धरले आणि त्याच हातांनी खोबऱ्याचा चव पिळायला घेतला. आमटी उकळते, तिच्यातले बहुतेक जंतू मरतात. सोलकढी आपण उकळत नाही. जे जंतू खोबऱ्याच्या दुधात गेले ते सरळ पेल्यात. हे कळल्यावर काकींनी स्वतःच क्रम उलटा केला: आधी रस काढून झाकून थंड जागी, मग मासे. विळीही दोन झाल्या. एकीला लाल दोरा, ती माशांची.

मासळीवर एक तोंडी प्रश्न हमखास येतो आणि तिथे उत्तर चुकतं. ‘बांगडा नीट शिजवला तर भीती नाही ना?’ ‘भीती नाही’ असं म्हणू नका. बांगडा, कुपा असे मासे बर्फाशिवाय राहिले तर जंतू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. चेहरा लाल होणं, अंगावर चट्टे, डोकेदुखी ही त्याची लक्षणं. आमच्याकडे बंदरावरून सकाळी आलेली बादली अकरापर्यंत ओट्याखाली तशीच असायची. आता मासळी येते ती बर्फात, आणि बर्फ वितळायच्या आत साफ होते.

शेवटची अडचण भाताची. रात्री उरलेला भात मोठ्या टोपात झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही मेसची रीत. मुलांनी टोचून बघायचा थर्मामीटर आणला. आधी तो बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते पाहिलं. परीक्षेतही हे करून दाखवायला सांगतात. रात्री साडेनऊला झाकलेल्या टोपात सकाळी साडेपाचला मधोमध टोचला तेव्हा ३८ अंश. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जंतूंच्या वाढीचा, आणि भात त्यात कित्येक तास बसून होता. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, ते कोमट भातात जागे होऊन विष सोडतात, आणि त्यातलं एक विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. ‘पण वास तर येत नाय,’ काकी म्हणाल्या. बरोबर, येत नाही. म्हणूनच वासावर जायचं नाही. उरलेला भात आता दोन बोटं जाडीच्या थरात पराती भरून पसरतो, वाफ गेली की फ्रिजमध्ये, आणि सकाळी गरम करताना मधोमध ७५ अंश येईपर्यंत. थर्मामीटरचं टोक भांड्याच्या बुडाला टेकवू नका, आकडा खोटा येतो. एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्याआधी ते पुसून निर्जंतुक करा.

डिसेंबरात केंद्रावर काकींना डाळ, भात आणि कोशिंबीर करायला दिली. चव बघायची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळ्या चमच्याने डाळ घेतली आणि तो चमचा परत टोपात न घालता मोरीत टाकला. मुली खिडकीतून बघत होत्या. हात धुऊन झाल्यावर एकदा त्यांचा उजवा हात कमरेकडे गेला, मधेच थांबला आणि कागदी रुमालाकडे वळला.

प्रमाणपत्र आलं. नाव आधारप्रमाणे बरोबर आहे की नाही ते आम्ही आधी वाचलं, मग पेढे. एक प्रत माझ्या फाइलला आहे, एक मेसच्या भिंतीवर. तिच्या शेजारी दिनदर्शिकेत पुढच्या वैद्यकीय तपासणीच्या महिनाभर आधीच्या तारखेवर काकींनी कुंकवाने गोल केला आहे.