तिरपी व सरळ फरशी : मालाची तूट

टाइल भिंतींना समांतर बसवली तर ती सरळ मांडणी, ४५ अंशांत फिरवून बसवली तर तिरपी. सरळ कामात ५ ते १० टक्के आणि तिरप्यात १० ते १५ टक्के माल जादा धरण्याचा ठोकताळा सर्वत्र चालतो. तिरप्यासाठी तो बराचसा खरा ठरतो, सरळसाठी मात्र बेभरवशाचा आहे. घराचा नकाशा फुटांत असतो आणि टाइल मिलिमीटरमध्ये, त्यामुळे शेवटची पट्टी किती रुंद उरेल यावर सगळा हिशेब ठरतो.

उदाहरणार्थ, नागपुरातील एका घरात गिलाव्यानंतर खोली १० फूट १० इंच × १२ फूट १० इंच भरली, टाइल ६०० × ६०० मिमी, सांधा २ मिमी. भिंतीकडची ५ मिमी फट सोडता कडेच्या पट्ट्या ३०० मिमीपेक्षा थोड्या अरुंद येतात. एका टाइलमधून दोन पट्ट्या निघतात आणि सरळ काम ३६ टाइलमध्ये होते, म्हणजे कापण्यात जवळजवळ काहीच वाया जात नाही. हीच खोली ११ × १३ फूट भरली तर पट्टी ३३० ते ३४० मिमी होते. आता एका टाइलमधून एकच पट्टी निघते आणि ४२ टाइल लागतात. दोन इंचांच्या फरकाने तूट सुमारे १४ टक्क्यांवर जाते.

तिरप्या मांडणीत, मध्यबिंदूवर चार टाइलांचा सांधा धरून काम सुरू केल्यास, दोन्ही खोल्यांना साधारण ४० टाइल पुरतात. भिंतीची रेषा टाइलच्या कर्णावर (सुमारे ८४९ मिमी) पडली की दोन्ही त्रिकोण वापरता येतात. कर्णापलीकडे गेली की अर्ध्याहून मोठा तुकडा लागतो आणि उरलेला त्रिकोण सहसा निरुपयोगी ठरतो. भिंत थोडी सरकली तरी तुकड्यांची संख्या तीच राहते, म्हणून आकडा फारसा हलत नाही. ११ × १३ च्या खोलीत तर तिरपे काम दोन टाइलने स्वस्त पडते.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी बसणारी टाइलची पट्टी, धरली की चित्र बदलते. सरळ कामात उरलेल्या २६० मिमीच्या पट्टीतून १०० मिमीचे दोन तुकडे निघतात, १२ पट्ट्यांतून २४. दार वगळता एवढ्यात चारही भिंती भागतात. त्रिकोणांतून स्कर्टिंग निघत नाही, त्यासाठी आणखी ५ टाइल घ्याव्या लागतात. म्हणजे एकूण ४२ विरुद्ध ४५. लहान खोलीत सरळ काम ४१ वर आणि तिरपे ४५ वर थांबते. यांत तुटफूट धरलेली नाही. टाइलची टोके कापताना चिरतात, म्हणून तिरप्यात एक पेटी हाताशी ठेवणे बरे.

नागपुरातील महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्तीतील खोली गुण्यात नसेल, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नसतील, तर सरळ मांडणीत कडेची पट्टी निमुळती होऊन डोळ्यांत भरते, तिरप्यात ती त्रिकोणांत लपते. तिरप्याची रेषा मात्र भिंतीवरून न घेता मध्यबिंदूवरून, दोन्ही मध्यरेषांवर समान अंतरे मोजून आखावी. एक रांग कोरडी मांडून पाहावी. टाइलच्या टोकांचे भिंतीपासूनचे अंतर एकेका टाइलला वाढत गेले तर कोन चुकला आहे किंवा भिंत वाकडी आहे. समोरच्या भिंतीशी तुलना करून दोषी कोण ते कळते.