शब्दाविना आलेली आकृती

वहीच्या पानावर हाताने काढलेली आकृती, तिचा मोबाइलवर टिपलेला फोटो आणि सोबत एकही शब्द नाही, असा फोटो आला की नेमके काय विचारले आहे हे आकृतीतच शोधावे लागते. O केंद्र असलेले वर्तुळ, बाहेरचा बिंदू P आणि त्यातून A व B येथे स्पर्श करणाऱ्या दोन स्पर्शिका, एवढे जरी काढलेले असले तरी त्यावर रचना, क्षेत्रफळ, सिद्धता आणि पडताळणी हे चारही प्रश्न विचारता येतात.

मी आधी कंपासच्या खुणा पाहतो. OP च्या दोन्ही बाजूंना एकमेकांना छेदणारे फिकट कंस असतील, तर ते लंबदुभाजकाचे असतात. त्यावरून मिळालेला मध्यबिंदू M केंद्र धरून MO त्रिज्येने काढलेले वर्तुळ मूळ वर्तुळाला A आणि B मध्ये छेदते. OP त्याचा व्यास असल्यामुळे कोन OAP काटकोन होतो, म्हणजेच PA स्पर्शिका ठरते. मात्र कंस नाहीत म्हणून रचना विचारलेली नाही असे समजू नये, कारण आपल्याकडे रचनेआधी मापे लिहून कच्ची आकृती काढतात आणि अनेकदा फोटो तिचाच असतो.

आकृतीत एकही माप नसून PA आणि PB वर समानतेच्या आडव्या खुणा असतील, तर बहुधा सिद्धता हवी असते: OA = OB, OP सामाईक आणि A, B येथे काटकोन, म्हणून कर्ण-भुजा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप.

खरी अडचण येते ती OA = ५ सेमी आणि OP = १३ सेमी एवढेच लिहिलेले असते तेव्हा. येथे PA² = १६९ − २५ = १४४, म्हणून PA = १२ सेमी; चौकोन OAPB चे क्षेत्रफळ दोन त्रिकोणांचे मिळून ६० चौसेमी. चौकोन छायांकित असेल तर हेच उत्तर. छाया नसेल तर याच दोन मापांवरून रचनाही करता येते, आणि मग पाठवणाऱ्याला विचारण्यावाचून इलाज नाही. PA = ११ असे तिसरे मापही लिहिलेले असेल, तर २५ + १२१ = १४६ हे १६९ शी जुळत नाही; एखादे माप उतरवताना चुकले असावे किंवा चूक शोधणे हाच प्रश्न असावा.

पडताळणी करताना फोटोवर कोनमापक ठेवण्याचा मोह टाळावा. फोन तिरपा धरला असेल तर वर्तुळ लंबगोल दिसते आणि A जवळचा काटकोन ८० अंशांचाही दिसू शकतो. तो दोष आकृतीचा नसतो. कागद सपाट असेल तर सरळ रेषा मात्र सरळच राहते आणि एकाच बिंदूत टेकलेली रेषा फोटोतही एकाच बिंदूत टेकते. म्हणून फोटो मोठा करून A जवळ पाहावे: रेषा वर्तुळात शिरून दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडत असेल, तर ती छेदिका आहे आणि चूक पेन्सिलीची आहे.