मैत्रिणीच्या लग्नात शेगडी द्यायचीय? इंडक्शन की इन्फ्रारेड, आधी हे बघून घ्या

जिवलग मैत्रीण लग्न करून दुसऱ्या शहरात चाललीये, भाड्याचं घर आहे, गॅस कनेक्शन कधी मिळेल पत्ता नाही, अशा वेळी विजेवर चालणारी शेगडी हे गिफ्ट मला तरी सगळ्यात कामाचं वाटतं कारण पहिल्या दिवसापासून ती वापरात येते. पण दुकानात गेलं की दोन डबे समोर येतात. दोन्हींवर काळी चकचकीत काच, दोन्हींवर टच बटणं, दोन्हींवर २००० वॅट लिहिलेलं, आणि सेल्समन दोन्हींना सरसकट इंडक्शनच म्हणतो. खरं तर एक इंडक्शन असतं आणि दुसरं इन्फ्रारेड, आणि आत चालणारं काम पूर्ण वेगळं आहे.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. तिच्यातून फार वेगाने दिशा बदलणारा करंट जातो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या बुडात करंट फिरायला लागतो, बूड त्यानेच तापतं. म्हणजे उष्णता थेट भांड्यात तयार होते, काच गरम होते ती भांड्यामुळे. इन्फ्रारेडमध्ये असलं काही नाही, काचेखाली सरळ तापणारी तार असते, ती लालभडक होते आणि तिची उष्णता काचेतून भांड्याला जाते. म्हणून ओळखायचं सोपं आहे, दुकानात भांडं न ठेवता चालू करून दाखवायला सांगा. इंडक्शन बीप बीप करेल, एरर दाखवेल, तापणार नाही. इन्फ्रारेड थोड्याच वेळात काचेखाली लाल दिसायला लागेल. डब्यावर 'कोणतंही भांडं चालतं' असं लिहिलं असेल तर ते बहुतेक इन्फ्रारेडच समजा.

आता खरा मुद्दा भांड्यांचा, कारण बरीचशी अशी गिफ्टं माळ्यावर जाऊन बसतात ती यामुळेच. इंडक्शनला चुंबक चिकटेल असंच बूड लागतं. अॅल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही, तांब्याचं नाही, काचेचं नाही, मातीचं नाही. सगळ्यात जास्त फसवतं ते स्टील, कारण सगळ्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. ३०४ ग्रेडचं चांगलं महाग स्टील असतं ना, त्याला नुसतं असताना चुंबक जवळजवळ लागतच नाही, आणि ४३० ग्रेडला घट्ट लागतं, म्हणून चांगल्या भांड्यांना खाली ४३० चा थर लावून देतात. तेव्हा भांड्यावर 'इंडक्शन बेस' वाचून थांबू नका, फ्रिजवरचा चुंबक घेऊन बुडाच्या मध्यभागी लावा. खटकन बसला आणि ओढावा लागला तर उत्तम. लागला पण हलकेच सरकतोय तर भांडं तापेल पण रडतखडत. आणि बूड साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर बऱ्याच शेगड्या भांडं आहे हेच ओळखत नाहीत, म्हणजे दोन कपांची छोटी पातेली चुंबक लागत असूनही चालेलच असं नाही.

इन्फ्रारेडला हे काही टेन्शन नाही, बूड सपाट आणि उष्णता सोसणारं असलं की झालं. गोल बुडाची कढई मात्र दोन्हीकडे नको.

स्पीडचं म्हणाल तर हिशोब करून बघू. एक लिटर पाणी २५ डिग्रीवरून उकळीला न्यायला साधारण ३१४ किलोज्युल ऊर्जा लागते. इंडक्शनमध्ये घेतलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के भांड्यात पोचते असं धरलं तर २००० वॅटचे १७०० कामी येतात, म्हणजे तीन मिनिटांच्या थोडं वर. इन्फ्रारेडमध्ये ७० टक्के धरले तर १४०० वॅट, म्हणजे पावणेचार मिनिटं, आणि आधी तार आणि काच तापायला लागतो तो वेळ वेगळा. विजेच्या बिलातही त्याच प्रमाणात फरक पडतो, पण दोन माणसांच्या स्वयंपाकात तो काही डोंगराएवढा नसतो, त्यामुळे फक्त बिलावरून ठरवू नका.

रोजच्या वापरात मला जास्त महत्त्वाची वाटते ती बंद केल्यानंतरची गोष्ट. दूध वर आलं आणि इंडक्शन बंद केलं की उफाण लगेच बसतं, इन्फ्रारेड बंद केलं तरी काच तापलेलीच असते, त्यामुळे दूध येतच राहतं, भांडंच उचलावं लागतं. ती काच नंतरही बराच वेळ चटका देते, लाली गेली म्हणजे गार झाली असं अजिबात नाही, प्लॅस्टिकचा चमचा किंवा फडकं तिथे ठेवलं तर चिकटलंच. साखरेचा पाक सांडला तर तापलेल्या काचेवर असा बसतो की काढताना काचेला खड्डे पडू शकतात. उलट मंद आचेवर इन्फ्रारेड बरं वाटतं. स्वस्तातलं इंडक्शन कमी पॉवरवर सलग चालत नाही, काही सेकंद जोरात आणि काही सेकंद बंद असं करतं, रस्सा खदखदतो मग शांत होतो मग परत खदखदतो, आणि पातळ बुडाच्या भांड्यात खाली लागतं. इन्फ्रारेडची तारही चालू-बंद होते पण तापलेली काच मधला वेळ सांभाळून घेते.

घेण्याआधी मैत्रिणीला दोन फोटो मागा, एक तिच्याकडे असलेल्या भांड्यांच्या बुडांचा आणि एक नव्या घरातल्या किचनच्या सॉकेटचा. सरप्राइज थोडं फुटेल, फुटू दे. २००० वॅटला जड लोडचा सॉकेट लागतो, मोबाइल चार्जरच्या साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलं तर प्लग तापतो, जळका वास येतो, आणि ही तक्रार दोन्ही प्रकारांत सारखीच. नवं शहर परदेशात असेल तर इथून काहीच उचलून देऊ नका, व्होल्टेज आणि प्लग वेगळे असू शकतात, तिथल्याच दुकानातून तिच्या पत्त्यावर ऑर्डर करा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर इंडक्शनपासून साधारण ६० सेंटीमीटर लांब राहायला सांगतात, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू द्या किंवा सरळ इन्फ्रारेड घ्या.

माझं मत विचाराल तर, दोन्ही घरांकडून भांडी आधीच मिळालेली असतील आणि त्यात अॅल्युमिनियम, तांबं जास्त असेल तर इन्फ्रारेड द्या, नाहीतर ती शेगडी वापरायला तिला सगळं नवीन घ्यावं लागेल. पण ती रिकाम्या हाताने संसार सुरू करत असेल तर मी इंडक्शनच देईन, आणि सोबत जाड सपाट बुडाचं, चुंबक लावून बघितलेलं एक मध्यम पातेलं आणि त्यावर बसणारं झाकण, कारण नुसती शेगडी मिळून पहिल्या संध्याकाळी तिला चहासुद्धा करता येणार नाही. बजेट कमी पडत असेल तर शेगडी साधी घ्या, पातेल्यात काटकसर करू नका.

डबा पॅक करण्याआधी दुकानातच त्या पातेल्यात पाणी घालून उकळी आणून बघा. बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, हे तिला चिठ्ठीत लिहून द्या. आणि बिल तिच्या नावावर करून डब्यातच ठेवा, वॉरंटी लागली तर नव्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला तेच बघायचं असतं.